ध्वनिमुद्रित धडा वाक्यावाक्याने कापताना

परकीय भाषेच्या ध्वनिमुद्रित धड्यात शिकण्याजोगी वाक्ये थोडी आणि त्यांच्या भोवतीचे बोलणे फार असते. डॉइच वेले ही जर्मन प्रसारणसंस्था आणि गोएथ इन्स्टिट्यूट यांनी मिळून केलेली ‘डॉइच, वारूम निश्त?’ ही रेडिओमालिका याचे चांगले उदाहरण आहे. तिच्या चार मालिकांत प्रत्येकी २६ धडे आहेत आणि एकेक धडा सुमारे पंधरा मिनिटांचा आहे. सुरुवातीचे संगीत, निवेदकाची ओळख, मूळ संवाद, त्यातल्या शब्दांचे स्पष्टीकरण, मग संवाद पुन्हा, असा त्याचा क्रम. धडा एकदा ऐकायला ही मांडणी उत्तम आहे. पण तोच संवाद वीस वेळा ऐकायचा आणि त्याच्याबरोबर बोलायचे असेल, तर दर खेपेला निवेदकाला ओलांडून जावे लागते. मोबाइलच्या पडद्यावर बोट सरकवत नेमके वाक्य गाठणे जमत नाही आणि सराव तिथेच सुटतो. म्हणून धडा एकदाच नीट कापून ठेवायचा, प्रत्येक वाक्याची वेगळी फाइल करायची.

महाराष्ट्रात हे काम अलीकडे जर्मनच्या निमित्ताने पुढे आले आहे. फेब्रुवारी २०२४ मध्ये महाराष्ट्र शासनाने जर्मनीतील बाडेन-व्युर्टेम्बेर्ग राज्याशी कुशल मनुष्यबळ पुरवण्याचा करार केला. परिचारिका, इलेक्ट्रिशियन, चालक, हॉटेलातील कर्मचारी अशा उमेदवारांना जर्मन भाषेचे प्रशिक्षण देणे हा त्या योजनेचा भाग. गोएथ इन्स्टिट्यूटची केंद्रे, म्हणजे आपल्याकडची माक्स म्युलर भवने, मुंबई आणि पुण्यात आहेत. रत्नागिरीतल्या उमेदवाराला ही दोन्ही शहरे रात्रभराच्या प्रवासाच्या अंतरावर. जर्मन मातृभाषा असलेल्या माणसाचा आवाज त्याला रोज ऐकायला मिळतो तो ध्वनिमुद्रणातूनच. एक तयार धड्यातला संवाद आणि एक वर्गात मोबाइलवर मुद्रित केलेला धडा, अशा दोन सामग्री त्याच्या हाताशी असतात. दोन्ही कापण्याच्या अडचणी वेगळ्या आहेत. आधी सोपी सामग्री पाहू.

तुकडा केवढा असावा

शॅडोइंग म्हणजे कानावर पडणारे वाक्य ते संपण्याची वाट न पाहता, अर्ध्याएक सेकंदाच्या अंतराने, मागोमाग बोलत जाणे. दुभाष्यांच्या प्रशिक्षणात ही रीत जुनी आहे. भाषा शिकणाऱ्यांमध्ये ती पसरवण्याचे बरेचसे श्रेय अलेक्झांडर आर्ग्वेयेस या अमेरिकन बहुभाषकाला दिले जाते, आणि जपानमध्ये इंग्रजीच्या वर्गांत ती सर्रास वापरतात. वाक्य ऐकून, थांबून, मग म्हणणे ही वेगळी रीत आहे, तिला येथे ‘मागून म्हणणे’ म्हणू. दोन्हींना लागणारे तुकडे सारखे असले, तरी फाइलमधल्या मोकळ्या जागा वेगळ्या लागतात. त्याचा विचार पुढे येईल.

मागून म्हणण्यासाठी वाक्य काही क्षण जसेच्या तसे डोक्यात धरून ठेवावे लागते. १९७५ मध्ये अॅलन बॅडली आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी प्रयोगांतून दाखवले, की माणूस साधारणपणे जेवढे दोन सेकंदांत बोलू शकतो तेवढेच ध्वनिरूपात लक्षात ठेवू शकतो. ओळखीच्या भाषेत अर्थाचा आधार मिळतो, म्हणून लांब वाक्येही सहज परत म्हणता येतात. नव्या भाषेत तो आधार नसतो. त्यामुळे सुरुवातीच्या पातळीवर दोन ते चार सेकंदांचा तुकडा झेपतो. सहा सेकंदांच्या वाक्याची सुरुवात त्याचा शेवट ऐकेपर्यंत निसटून जाते आणि शिकणारा ती स्वतःच्या कल्पनेने भरून काढतो. उलट एका सेकंदाहून लहान तुकड्यात वाक्याचा सूर उरत नाही, नुसता शब्द उरतो.

चार सेकंदांहून लांब वाक्य असेल तर ते अर्थाच्या जोडावर कापायचे. जर्मनमध्ये येथे एक खास सावधगिरी लागते. त्या भाषेतली काही क्रियापदे दुभंगतात: धातू वाक्यात दुसऱ्या जागी बसतो आणि त्याचा उपसर्ग थेट वाक्याच्या शेवटी जातो. ‘फोन करणे’ या अर्थाच्या ‘आनरूफन’ मधला ‘आन’ वाक्य संपता संपता येतो. हा शेवटचा ‘आन’ पुढच्या तुकड्यात गेला तर मागच्या तुकड्यातले ‘रूफऽ’ नुसते ‘हाक मारतो’ असे ऐकू येते आणि तसेच पाठ होते. गौण वाक्यात सबंध क्रियापदच शेवटी असते. मराठी माणसाला क्रियापद शेवटी येण्याची सवय आहे, म्हणून त्याला अशा जागी वाक्य अपुरे वाटते आणि चूक लवकर कळते. इंग्रजीतून जर्मन शिकणाऱ्याला ती तितक्या सहज कळत नाही.

शांतता आणि वाक्याचा शेवट

धडा कापण्याची बहुतेक साधने एकाच तत्त्वावर चालतात. आवाजाची पातळी ठरावीक मर्यादेखाली गेली आणि ठरावीक वेळ खालीच राहिली, की ती जागा ‘शांतता’ मानायची आणि तिथे तुकडा पाडायचा. म्हणजे दोन आकडे द्यावे लागतात: किती डेसिबलखाली, आणि किती सेकंद. सारी गुंतागुंत दुसऱ्या आकड्यात आहे. यंत्राला शांतता मोजता येते, वाक्य मोजता येत नाही. शांतता तर शब्दाच्या पोटातही असते.

‘पता’ आणि ‘पत्ता’ हे दोन शब्द मराठी माणूस कसे ओळखतो? ‘त’ उच्चारताना जीभ दातांमागे टेकते आणि हवा अडते. त्या क्षणी आवाज जवळजवळ बंद असतो. ‘पत्ता’मध्ये ही बंद अवस्था अधिक लांबते. म्हणजे फरक मुख्यतः शांततेच्या लांबीचा आहे, आणि ती शांतता सेकंदाचा दहावा भाग किंवा त्याहून थोडी अधिकही भरते. क, ट, त, प या सर्व स्पर्श व्यंजनांत हे घडते. दोन स्पर्श व्यंजने शेजारी आली तर बंद अवस्था आणखी लांबते. त्यामुळे यंत्राला शांततेची मर्यादा फार लहान दिली तर ते शब्दाच्या मध्येच कापते.

दुसऱ्या बाजूची अडचण संवादात येते. शिकवण्यासाठी सावकाश वाचलेल्या मजकुरात वाक्याअखेरचा विराम अर्ध्या सेकंदाहून मोठा असतो. पण माणसे खरोखर बोलतात तेव्हा एकाचे संपण्याचा आणि दुसऱ्याचे सुरू होण्याचा काळ फार थोडा असतो. २००९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या, दहा भाषांचा तुलनात्मक अभ्यास करणाऱ्या तान्या स्टायव्हर्स आणि सहकाऱ्यांच्या संशोधनात प्रश्न आणि उत्तर यांमधले अंतर सर्वाधिक वेळा शून्य ते सेकंदाच्या पाचव्या भागापर्यंत असल्याचे आढळले. सावकाश बोलणारा माणूस स्वल्पविरामावर याहून जास्त थांबतो. म्हणजे स्वल्पविरामाची शांतता दोन माणसांच्या वाक्यांमधल्या शांततेपेक्षा मोठी असू शकते. अशा मुद्रणात एकही आकडा दोन्ही जागा बरोबर सोडवत नाही. यंत्राने दिलेली कापणी हा कच्चा खर्डा समजायचा आणि मजकूर समोर ठेवून तो हाताने दुरुस्त करायचा, हाच खरा मार्ग.

हे काम विनामूल्य मिळणाऱ्या `Audacity` या संगणक-प्रणालीत चांगले होते. ध्वनी उघडल्यावर `Analyze` या यादीत `Label Sounds` नावाचे साधन असते. ते ध्वनी कापत नाही. ज्या भागांत आवाज आहे त्यांच्यावर फक्त खुणा करून ठेवते. ही गोष्ट फार सोयीची आहे, कारण खूण सरकवता येते, पुसता येते, जोडता येते, आणि मूळ ध्वनी तसाच राहतो. साधन उघडल्यावर पातळी, शांततेची किमान लांबी, खुणेचा प्रकार, आणि आवाजाच्या आधी व नंतर किती जागा खुणेत घ्यायची, हे विचारले जाते. खुणेचा प्रकार `Region around sounds` हा निवडायचा.

एक संवाद उलगडून

उदाहरणादाखल रुग्णालयातला एक छोटा संवाद घेऊ. परिचारिका सकाळी वॉर्डात येते आणि म्हणते: ‘गूटन मॉर्गन, फ्राउ बेकर. हाबन झी गूट गश्लाफन?’ म्हणजे, सुप्रभात बेकरबाई, झोप चांगली लागली का? रुग्ण उत्तर देते: ‘नाइन, इश हाबऽ डी गान्त्सऽ नाख्ट क्नीश्मेर्त्सन गहाब्ट.’ नाही, रात्रभर गुडघा दुखत होता. परिचारिका सांगते: ‘यत्स्ट मेसऽ इश ईरन ब्लूटड्रुक, उंट डान रूफऽ इश डेन आर्त्स्ट आन.’ आता तुमचा रक्तदाब मोजते आणि मग डॉक्टरांना फोन करते.

समजा धड्यात हा संवाद ४१व्या सेकंदापासून सुरू होतो. पहिले वाक्य ४१.३० ते ४३.०५, दुसरे ४३.६२ ते ४५.१०, तिसरे ४५.९५ ते ४९.२० आणि चौथे ५०.०५ ते ५४.६० सेकंद. तिसऱ्यात ‘नाइन’ नंतर ०.३५ सेकंदांचा विराम आहे. चौथ्यात ‘ब्लूटड्रुक’ नंतर, ५२.२० ते ५२.६० असा, ०.४ सेकंदांचा.

शांततेची किमान लांबी ०.१ सेकंद ठेवली तर ‘ब्लूटड्रुक’ हा शब्दच ‘ब्लूट’ आणि ‘ड्रुक’ असा फुटतो, कारण त्यातले ट आणि ड शेजारी आहेत आणि तिथे हवा सेकंदाच्या दशांशाहून थोडा अधिक काळ अडते. ०.३ ठेवली तर शब्द शाबूत राहतात, पण सहा तुकडे होतात, त्यांत ‘नाइन’ एकटा पडतो. ०.७ ठेवली तर परिचारिकेची दोन वाक्ये एकत्र येतात, कारण त्यांच्यामध्ये ०.५७ सेकंदांचेच अंतर आहे. ०.५ वर मात्र चार वाक्यांचे चार तुकडे नेमके मिळतात. या संवादाला ०.५ जमले, यावरून ते पुढच्या संवादालाही जमेल असे मानू नये. एक मिनिटाच्या भागावर दोनतीन आकडे लावून पाहावेत आणि ज्यात दुरुस्त्या सर्वांत कमी कराव्या लागतील तो आकडा पूर्ण धड्याला लावावा. शंका असेल तेव्हा थोडा लहान आकडा बरा, कारण दोन खुणा जोडणे सोपे असते. एकत्र आलेल्या दोन वाक्यांची सीमा शोधायला मात्र पुन्हा ऐकावे लागते.

यानंतर चौथ्या वाक्याकडे यायचे. ते साडेचार सेकंदांचे आहे, म्हणजे नवशिक्याला जड. स्वल्पविरामावर ते सहज दोन होते, आणि ‘रूफऽ’ व ‘आन’ दोन्ही दुसऱ्या अर्ध्यात एकत्र राहतात. पण अर्धी वाक्ये करताना पूर्ण वाक्यही ठेवायचे. एकाच ध्वनीवर एकमेकांवर चढणाऱ्या खुणा ठेवता येतात, त्यामुळे यात काही अडचण नाही. खुणा मजकूर-फाइल म्हणून बाहेर काढल्या, की त्या अशा दिसतात. प्रत्येक ओळीत सुरुवात, शेवट आणि नाव, मध्ये टॅबची मोकळी जागा:

```
41.15	43.35	001
43.47	45.40	002
45.80	49.50	003
49.90	54.90	004
49.90	52.50	004a
52.45	54.90	004b
```

ही फाइल कोणत्याही साध्या मजकूर-संपादकात दुरुस्त करून पुन्हा आत घेता येते. वाक्यांचे आकडे दिसतात त्याहून खुणा थोड्या रुंद आहेत: सुरुवातीला ०.१५ आणि शेवटी ०.३० सेकंद जादा जागा ठेवली आहे. शेवटची जागा दुप्पट का, याचे कारण ध्वनीत आहे. वाक्याची सुरुवात बहुधा जोरात होते. शेवट विझत जातो. ‘गहाब्ट’ मधला अखेरचा ट हवेच्या एका क्षीण झुळकेने सुटतो, आणि ती झुळूक यंत्राच्या पातळीखाली राहते. जादा जागा न ठेवता कापले तर तुकडा ‘गहाब’ वर संपतो. तो रोज वीस वेळा ऐकणारा शिकणारा ‘गहाब’ असेच म्हणू लागतो. जर्मन शब्दांची अखेर आणि त्यातली व्यंजने मराठी जिभेला अवघड असतातच. निदान ती ध्वनीतून तरी गळू नयेत. वाक्याअखेरचा श, स किंवा ख सुद्धा असाच हळुवार विरतो.

शेवट कापला गेला आहे का, हे ओळखण्याची खात्रीची रीत म्हणजे तुकडा पुन्हा पुन्हा फिरवून ऐकणे. नीट कापलेला तुकडा संपताना खोलीची हलकी शांतता क्षणभर ऐकू येते. चुकीचा कापलेला तुकडा दारावर आपटल्यासारखा थांबतो. श्वासाबाबतही एक नियम पाळावा. वक्ता वाक्याआधी श्वास घेतो तो पूर्ण ठेवावा किंवा पूर्ण वगळावा. अर्धा कापलेला श्वास तुकड्याच्या तोंडाशी खरखर करतो. शॅडोइंगसाठी तो पूर्ण ठेवलेला उपयोगी, कारण बोलणे कधी सुरू होणार याची चाहूल श्वासातून लागते.

प्रश्नोत्तरे एकमेकांना इतकी चिकटून असतील की मध्ये जागाच नाही, तेव्हा ध्वनीच्या मध्यातच कापावे लागते आणि ‘टक्’ असा आवाज येतो. निवडीची कड शून्यरेषेवर आणण्यासाठी `Audacity` मध्ये `Z` ही कळ आहे. तिथे कापून सुमारे दहा मिलिसेकंदांचा चढ किंवा उतार दिला, की तो आवाज जातो. हे करण्याची वेळ क्वचितच येते.

पावसाळी वर्गातले मुद्रण

आता दुसरी सामग्री: वर्गात बाकावर मोबाइल ठेवून मुद्रित केलेला धडा. रत्नागिरीत जून ते सप्टेंबरमध्ये तीन हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो. वर्गाचे छप्पर पत्र्याचे किंवा कौलांचे असेल तर मुद्रणात तो सतत असतो. यंत्राची शांततेची कल्पना येथे मोडते.

कसे ते पातळीच्या आकड्यांवरून दिसते. डेसिबलमध्ये सर्वांत मोठा शक्य आवाज शून्य आणि त्याखालचे सारे वजा. बंद, शांत खोलीतल्या मुद्रणात कोणी बोलत नसताना पातळी वजा ५५ च्या आसपास उतरते, आणि बोलण्यातली सर्वांत क्षीण व्यंजने वजा ३५ ते वजा ४० ला असतात. या दोघांच्या मध्ये पंधराएक डेसिबलची मोकळी पट्टी राहते. मर्यादा त्या पट्टीत, म्हणजे वजा ४५ च्या आसपास, ठेवली की काम होते. पावसात तळाची पातळीच वजा ३० वर येते. म्हणजे पावसाचा आवाज शेवटच्या ‘ट’ पेक्षा मोठा. मर्यादा वजा ४५ ठेवली तर यंत्राला शांतता कुठेच सापडत नाही आणि सबंध धड्यावर एकच लांब खूण येते. मर्यादा वजा २५ वर चढवली तर शांतता सापडते, पण शब्दांच्या दोन्ही कडा कापल्या जातात. धडा एका अखंड खुणेत येणे किंवा शेकडो बारीक तुकड्यांत येणे, ही दोन्ही लक्षणे याच दुखण्याची.

पंख्याची किंवा इन्व्हर्टरची घुरघुर हा वेगळा प्रकार आहे. ती मुख्यतः ५० आणि १०० हर्ट्झला, म्हणजे बोलण्याच्या अर्थवाही भागाच्या खाली असते. `High-Pass Filter` लावून १२० हर्ट्झखालचा भाग काढला की तळाची पातळी बरीच उतरते आणि बोलणे बिघडत नाही. पावसावर हा उपाय चालत नाही, कारण पावसाचा आवाज बोलण्याच्याच सर्व वारंवारतांवर पसरलेला असतो. ध्वनी ‘स्वच्छ’ करणारी साधने पाऊस कमी करतात, पण त्याबरोबर श, स, ख यांसारखे सळसळते वर्णही पुसतात. कापण्याच्या जागा शोधण्यापुरती अशी स्वच्छ केलेली प्रत वापरावी आणि खुणा मूळ ध्वनीवर आणून तो कापावा. पावसासकट ऐकलेला पूर्ण उच्चार, पाऊस काढलेल्या अर्धवट उच्चारापेक्षा कधीही चांगला. याहून साधा उपाय मुद्रणाच्या वेळचा आहे. मोबाइल बाकावर न ठेवता शिक्षकापासून हातभर अंतरावर ठेवला तर पाऊस तेवढाच राहतो, आवाज मात्र अनेक पटींनी वर येतो. अर्थात मुद्रणाआधी शिक्षकांची परवानगी घ्यायची.

पाठाचा लेखी मजकूर हाताशी असेल तर आणखी एक वाट आहे. `aeneas` सारख्या प्रणालीला ध्वनी आणि ओळीओळीने लिहिलेला मजकूर दिला, की ती मजकुराचा यांत्रिक उच्चार तयार करते, त्याची आणि खऱ्या ध्वनीची चाल ताणून-आकुंचून एकमेकांशी जुळवते आणि प्रत्येक ओळ कुठे सुरू होते ते सांगते. म्युनिक विद्यापीठाची `WebMAUS` ही सेवाही असेच काम करते, अधिक बारकाईने. या पद्धती शांततेवर अवलंबून नसल्याने पावसात आणि भराभर चालणाऱ्या संवादात टिकतात. मात्र मजकुरात नसलेले बोलणे त्यांना सहन होत नाही. शिक्षकाने मध्येच मराठीत दोन वाक्ये समजावली, की तिथून पुढच्या खुणा घसरतात आणि पुढे कुठेतरी पुन्हा जागेवर येतात. म्हणून असे बोलणे आधी हाताने काढून मगच ध्वनी द्यावा.

कापलेले तुकडे वापरात

खुणा पक्क्या झाल्या, की `Audacity` च्या निर्यात-चौकटीत `Multiple Files` निवडून, तुकडे `Labels` नुसार पाडायला सांगितले की सर्व फाइली एकदम तयार होतात आणि खुणेचे नाव फाइलला मिळते. नावे 001, 002 अशी तीन अंकी ठेवण्याचे कारण म्हणजे, 10 हा 2 च्या आधी लागू नये. पुढे धडा क्रमांक जोडावा. मूळ ध्वनी एम.पी.३ असेल तर तो त्याच स्वरूपात थेट कापणाऱ्या साधनांपेक्षा ही वाट बरी. एम.पी.३ ची साठवण सुमारे २६ मिलिसेकंदांच्या चौकटींत होते, आणि थेट कापणी चौकटीच्या कडेवरच करता येते. येथे तसे बंधन नसते. एका वाहिनीचा साधा ध्वनी बोलण्याला पुरतो.

मागून म्हणायच्या सरावासाठी प्रत्येक तुकड्यानंतर रिकामी जागा लागते. ती वाक्याच्या लांबीएवढी आणि वर अर्धा भाग अधिक ठेवावी, कारण शिकणारा मूळ वक्त्यापेक्षा सावकाश बोलतो. दोन सेकंदांच्या वाक्यामागे तीन सेकंद. सर्व वाक्यांना सारखीच जागा ठेवली, तर लांब वाक्यावर तारांबळ उडते आणि लहानावर नुसते थांबणे होते. `SoX` या प्रणालीने ती जागा जोडता येते:

```
sox 004b.wav 004b_jaga.wav pad 0 3
```

शॅडोइंगसाठी मात्र ही जागा नको. तिथे तुकडा लागोपाठ फिरवायचा असतो, आणि दोन फेऱ्यांमध्ये एका श्वासापुरते, अर्ध्या ते एका सेकंदाचे अंतर पुरते. जास्त मोकळीक मिळाली, की शिकणारा नकळत शॅडोइंग सोडून मागून म्हणू लागतो आणि वक्त्याच्या लयीला चिकटून राहण्याचा मुख्य फायदा जातो. चौथ्या वाक्याचा क्रम असा लावता येतो: आधी 004a आणि 004b मागून म्हणणे, ते न अडखळता आले की त्यांच्यावर शॅडोइंग, मग पूर्ण 004 वर शॅडोइंग. स्वतःचा आवाज मुद्रित करून मूळ तुकड्याच्या शेजारी ठेवला तर कुठे कमी पडते ते लगेच कळते. बहुतेकदा पहिला फरक वेगात नव्हे, तर ‘उंट’ ला ‘उंड’ म्हणण्यात आणि ‘गहाब्ट’ चा शेवट गिळण्यात दिसतो.

वाक्ये कापण्याची एक मर्यादा मात्र मानावी लागते. एकटे फिरवलेले वाक्य आपल्या शेजाऱ्यांपासून तुटते. ‘हाबन झी गूट गश्लाफन?’ ला चढत्या सुरात संपवून परिचारिका उत्तराची वाट पाहते, आणि रुग्णाचा ‘नाइन’ त्या सुरावर उभा असतो. हा धागा तुकड्यांत दिसत नाही. म्हणून सारी वाक्ये शॅडोइंगमध्ये सुरळीत म्हणता येऊ लागली, की मूळ संवादाची ४१.१५ ते ५४.९० अशी एक अखंड फाइलही काढायची, निवेदक आणि संगीत वगळून, पण वक्त्यांचे विराम जसेच्या तसे ठेवून, आणि शेवटचा सराव तिच्यावर करायचा. त्यात कोणत्या जागी जीभ मागे पडते ते दिसते. त्या जागेच्या वाक्याचा तुकडा पुन्हा उघडायचा. तोही जड वाटला तर बहुधा त्याची लांबीच जास्त असते. तेव्हा खुणांच्या फाइलमध्ये त्याची दोन अर्धी करणाऱ्या दोन ओळी वाढवून तेवढेच तुकडे पुन्हा काढावेत. खुणांची ती मजकूर-फाइल मूळ धड्याशेजारी जपून ठेवली, तर यासाठी धडा पहिल्यापासून कापावा लागत नाही.